‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के’: प्रबंधातलं हे वाक्य कसं दुरुस्त करावं

अडचण काय आहे

केळी, कापूस, मका, काहीही असो, प्रयोगाचा निकाल लिहिताना एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं. कृषी पदव्युत्तर प्रबंध बहुधा इंग्रजीत असतो आणि सांख्यिकीचा तक्ताही बरोबर असतो. मराठी गोषवारा लिहायला घेतला की मात्र ते वाक्य असं उतरतं:

> पी-मूल्य ०.०३२ आले. म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता केवळ ३.२ टक्के आहे. त्यामुळे नवे खत वेळापत्रक परिणामकारक आहे, असे ९६.८ टक्के खात्रीने म्हणता येते.

यातलं पहिलं वाक्य ठीक आहे. दुसरं चूक आहे आणि तिसरं त्याच चुकीवर उभं आहे. दुसऱ्यात एखादा शब्द बदलून भागत नाही, कारण त्यात संभाव्यता भलत्याच गोष्टीला जोडली आहे. आकडा तोच ठेवून वाक्याचा कर्ताच बदलावा लागतो.

पुढचं उदाहरण रावेर-यावल पट्ट्यातल्या मृगबागेचं धरू. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, हिशोब मात्र खरा आहे. ग्रँड नैन जातीची केळी, ठिबकवर. बागेचे २४ तुकडे पाडले, प्रत्येकात २० झाडं. चिठ्ठ्या टाकून १२ तुकड्यांना विद्राव्य खतांचं नेहमीचं वेळापत्रक दिलं आणि १२ तुकड्यांना नवं. काढणीच्या वेळी प्रत्येक तुकड्याचं घडाचं सरासरी वजन घेतलं. नेहमीच्या वेळापत्रकाचं सरासरी वजन २२.४ किलो आलं, नव्याचं २३.९ किलो. दोन्हीकडे तुकड्या-तुकड्यांतलं प्रमाण विचलन १.६ किलो.

फरक १.५ किलोचा. त्याची प्रमाण त्रुटी म्हणजे १.६ गुणिले २/१२ चं वर्गमूळ, सुमारे ०.६५ किलो. भागाकार केला की t = 2.30 येतो, स्वातंत्र्यांश २२. एक्सेलमध्ये पी-मूल्य असं मिळतं:

```
=T.DIST.2T(2.296,22)
```

उत्तर सुमारे ०.०३२. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. गडबड होते ती या आकड्याला मराठीत बसवताना.

बिघाड नेमका कुठे होतो

पी-मूल्य काढताना गणित एका गृहीतापासून सुरू होतं. दोन वेळापत्रकांत खरा फरक शून्य आहे, असं आधीच धरून टाकलेलं असतं. हीच शून्य परिकल्पना. ते धरल्यावर प्रश्न एवढाच उरतो: मग नुसत्या तुकड्या-तुकड्यांतल्या चढउतारामुळे, कुठं जमीन भारी, कुठं तोटीला पाणी कमी, एवढा किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता? उत्तर: शंभरात साधारण तीनदा.

जी गोष्ट खरी धरून हिशोब मांडला, तीच खरी असण्याची संभाव्यता त्या हिशोबातून निघू शकत नाही. वजनकाटा शून्यावर आहे असं धरून माल मोजला, तर मालाच्या वजनावरून काटा बरोबर असल्याची टक्केवारी काढता येत नाही, तसंच हे.

‘अ असेल तर ब’ची शक्यता आणि ‘ब असेल तर अ’ची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे केळीवाल्याला एरवी सांगावं लागत नाही. पोटॅश कमी पडलं तर जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात, बहुतेक वेळा करपतातच. पण म्हणून वैशाखात कडा करपलेलं पान दिसलं की कोणी लगेच पोटॅशची गोणी फोडत नाही. त्या दिवसांत खान्देशातल्या गरम वाऱ्याच्या झळांनीही कडा करपतात. लक्षण तेच, कारणं अनेक. कोणतं कारण किती संभवतं हे ठरवायला आधीची माहिती लागते: माती परीक्षण काय सांगतं, खत कधी दिलं होतं, वारारोधक कुंपण आहे का. बागेत हा विचार आपोआप होतो. तक्ता समोर आला की तोच माणूस ‘फरक नसेल तर असा आकडा दिसण्याची शक्यता’ उलटी करून ‘असा आकडा दिसला तर फरक नसण्याची शक्यता’ लिहून मोकळा होतो.

भाषाही थोडी दोषी आहे. इंग्रजी वाक्यातलं ‘शून्य परिकल्पनेखाली’ हे छोटंसं पद मराठीत आणताना गळून पडतं, आणि तो गळलेला तुकडाच वाक्याचा कणा होता. खरं तर मराठीकडे यासाठी इंग्रजीपेक्षा सरस साधन आहे: संकेतार्थ. ‘फरक नसता, तर एवढा आकडा क्वचितच दिसला असता.’ पी-मूल्याचा सगळा अर्थ या ‘नसता तर… असता’ मध्ये मावतो. ते असताना ‘आहे’ वापरलं की चूक झाली.

३.२ नाही, तर मग किती?

मार्गदर्शक किंवा परीक्षक हा प्रश्न विचारतातच: बरं, ३ टक्के नाही, मग शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता किती? तुमच्या २४ तुकड्यांच्या विदेतून एकट्यानं याचं उत्तर मिळत नाही. ते का मिळत नाही, हे हिशोबानं दाखवलं तरच लोकांना पटतं.

समजा अशा प्रकारचे एक लाख प्रयोग झाले, सगळे १२-१२ तुकड्यांचे, विचलन १.६ किलोचं. त्यातल्या ९० टक्के प्रयोगांत नव्या वेळापत्रकाचा खरा परिणाम शून्य होता आणि १० टक्के प्रयोगांत खरोखर दीड किलोचा फायदा होता. नवनव्या खतांच्या चाचण्यांत हे प्रमाण काही फार निराशावादी नाही.

परिणाम नसलेल्या ९०,००० प्रयोगांत पी-मूल्य शून्य ते एक यांच्या दरम्यान सगळीकडे सारखं पसरतं. म्हणून ०.०२७ ते ०.०३७ या एक शतांश रुंदीच्या पट्टीत त्यातले एक टक्का, म्हणजे ९०० प्रयोग पडतील. खरा फायदा असलेल्या १०,००० प्रयोगांत पी-मूल्यं लहान आकड्यांकडे दाटी करतात, आणि त्याच पट्टीत सुमारे ५६० पडतात. म्हणजे ज्यांचं पी-मूल्य आपल्यासारखं ०.०३२ च्या आसपास आलं, असे एकूण १,४६० प्रयोग. त्यांपैकी ९०० मध्ये काहीही परिणाम नव्हता. हे झाले जवळपास ६२ टक्के.

आता तेच प्रयोग, पण सुरुवातीला निम्म्यांत खरा फायदा होता असं धरा. पट्टीत परिणाम नसलेले ५०० आणि फायदा असलेले सुमारे २,८०० येतील. परिणाम नसलेल्यांचा वाटा १५ टक्के.

पी-मूल्य दोन्हीकडे तेच. शून्य परिकल्पना खरी असण्याचं प्रमाण मात्र एकीकडे ६२ आणि दुसरीकडे १५. ३.२ कुठेच नाही. फरक पडला तो प्रयोगापूर्वीच्या माहितीमुळे, आणि ती माहिती टी-चाचणीच्या सूत्रात कुठेही नसते.

ज्यांना हातानं पडताळायचं आहे त्यांनी आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये हे चालवावं:

```r
set.seed(425)
N <- 50000
farak <- rbinom(N, 1, 0.10) * 1.5
p <- sapply(farak, function(d)
  t.test(rnorm(12, 22.4 + d, 1.6),
         rnorm(12, 22.4, 1.6),
         var.equal = TRUE)$p.value)
jawal <- p > 0.027 & p < 0.037
mean(farak[jawal] == 0)
```

शेवटची ओळ ०.६२ च्या जवळपास आकडा देते. बियाणं, म्हणजे `set.seed` मधला आकडा, बदलला की थोडा मागे-पुढे होईल. `0.10` च्या जागी `0.50` टाकलं की तोच आकडा ०.१५ च्या आसपास येतो. मार्गदर्शक ऐकायला तयार नसतील तर वाद घालण्यापेक्षा ही नऊ ओळींची आज्ञावली त्यांच्यासमोर दोनदा चालवून दाखवणं सोपं जातं. ५०,००० चाचण्या असल्यानं जुन्या लॅपटॉपवर थोडा वेळ लागेल, अडकला असं समजून बंद करू नका.

दुरुस्ती

वाक्यात ‘शक्यता’, ‘संभाव्यता’ किंवा ‘खात्री’ हा शब्द शोधा आणि त्याच्या अलीकडे काय आहे ते पाहा. ‘परिकल्पना खरी असण्याची’, ‘परिणाम नसण्याची’, ‘खत परिणामकारक असण्याची’ यांपैकी काही असेल तर वाक्य नापास. तिथं निरीक्षण हवं: ‘एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची’. संभाव्यता आहे ती विदेची, परिकल्पनेची नव्हे.

मग अट परत आणा, आणि ती वाक्याच्या सुरुवातीलाच ठेवा. शेवटी किंवा कंसात टाकली की वाचणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरते. ‘दोन वेळापत्रकांत खरा फरक नसता आणि चाचणीची गृहीतकं लागू असती, तर…’ यातला दुसरा अर्धा भाग शोभेचा नाही. तुकडे स्वतंत्र असणं आणि चिठ्ठ्यांनी वाटप होणं ही गृहीतकं मोडली असतील तर ०.०३२ या आकड्यालाच अर्थ नाही.

‘किंवा याहून मोठा’ हे शब्द गाळू नका. वजन हे सलग मोजमाप आहे, नेमका १.५००० किलोच फरक येण्याची संभाव्यता शून्य असते. पी-मूल्य मोजतं ते शेपटीचं क्षेत्रफळ. चाचणी दुहेरी असेल तर ‘कोणत्याही दिशेने’ हेही लिहा.

शेवटी ९६.८ टक्के खात्रीचं तिसरं वाक्य काढून टाका. ते दुरुस्त होत नाही. त्याच्या जागी फरक किती आणि तो किती अनिश्चित आहे हे लिहा. आपल्या उदाहरणात ९५ टक्के विश्वास अंतराल १.५ अधिक-उणे २.०७४ गुणिले ०.६५३, म्हणजे ०.१५ ते २.८५ किलो.

सगळं जोडून असं होतं:

> नव्या वेळापत्रकाच्या तुकड्यांत घडाचे सरासरी वजन १.५ किलोने जास्त आढळले (९५ टक्के विश्वास अंतराल ०.१५ ते २.८५ किलो). दोन वेळापत्रकांत खरा फरक नसता आणि चाचणीची गृहीतके लागू असती, तर केवळ यादृच्छिक चढउतारामुळे कोणत्याही दिशेने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता ०.०३२ असती (t = 2.30, df = 22). ५ टक्के सार्थकता पातळीवर शून्य परिकल्पना नाकारली.

लांबलं, खरं आहे. गोषवाऱ्यात शब्दमर्यादा असेल तर मधलं वाक्य काढा आणि पी-मूल्य नुसतं कंसात ठेवा. अर्थ न सांगितलेलं पी-मूल्य चुकीचा अर्थ सांगितलेल्या पी-मूल्यापेक्षा बरं.

दुरुस्ती केली, तरी चूक तशीच

अर्धवट दुरुस्त्यांचे दोन-तीन नमुने इतके सर्रास दिसतात की ते ओळखून ठेवावेत.

सगळ्यात फसवा हा: ‘हा फरक निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता ३.२ टक्के आहे.’ परिकल्पनेचा उल्लेख नाही, म्हणून निर्दोष वाटतो. पण ‘फरक योगायोगाने आला’ म्हणजेच ‘खरा परिणाम नाही’, म्हणजेच शून्य परिकल्पना. दारातून हाकललेली चूक खिडकीतून आत आली. अमेरिकन सांख्यिकी संघटनेनं २०१६ साली पी-मूल्यांवर जे निवेदन काढलं, त्यात या दोन्ही रूपांना नाव घेऊन नाकारलं आहे: पी-मूल्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता मोजत नाही, आणि विदा केवळ योगायोगानं निर्माण झाली असण्याचीही मोजत नाही. परीक्षकाला दाखवायला एवढा आधार पुरतो. ‘योगायोग’ हा शब्द ठेवायचाच असेल तर तो अटीत जाऊ द्या: ‘केवळ योगायोगच कामाला असता, तर…’

दुसरा: ‘शून्य परिकल्पना नाकारण्यात आपली चूक झाली असण्याची शक्यता ३.२ टक्के.’ नाकारल्यावर चूक झालेली असणं म्हणजे शून्य परिकल्पना खरी असणं. वरच्या हिशोबात हीच गोष्ट ६२ टक्के निघाली होती. इथं ५ टक्के पातळीचा आणि पी-मूल्याचा घोळ होतो. ५ टक्के ही प्रयोगापूर्वी ठरवलेली मर्यादा: परिणाम नसलेल्या प्रयोगांपैकी किती टक्क्यांत आपण चुकून ‘फरक आहे’ म्हणायला तयार आहोत. ती सगळ्या प्रयोगांच्या पद्धतीबद्दल आहे, या बागेतल्या या निकालाबद्दल नाही. ५ टक्क्यांची सोयीस्कर सीमा १९२५ साली रूढ केली ती रोनाल्ड फिशर यांनी, आणि तेही इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात काम करत असताना. खतांच्या तुकड्यांच्याच प्रयोगांतून वाढलेलं हे शास्त्र आहे.

तिसरा उलट्या बाजूनं येतो. समजा फणींच्या संख्येसाठी पी-मूल्य ०.४० आलं आणि लिहिलं गेलं: ‘शून्य परिकल्पना खरी ठरली, फणींच्या संख्येत फरक नाही.’ मूळ चूक तीच. एवढी विदा फरक नसतानाही सहज दिसली असती, एवढंच ०.४० सांगतं. फरक असतानाही ती दिसली असती का, याबद्दल ते गप्प आहे. आपल्याच आराखड्याकडे पाहा: घडाच्या वजनात खरोखर दीड किलोचा फायदा असला, तरी १२-१२ तुकड्यांचा हा प्रयोग तो ५ टक्के पातळीवर पकडतो फक्त ५९ टक्के वेळा. शंभरातल्या एक्केचाळीस वेळा खरा फायदा असूनही निकाल ‘असार्थ’ येतो. म्हणून तिथं ‘फरक आढळला नाही’ लिहा, ‘फरक नाही’ लिहू नका, आणि विश्वास अंतराल जोडा.

विश्वास अंतरालाचाही असाच गैरअर्थ होतो, तेवढ्यापुरतं सावध राहा: ‘खरा फरक ०.१५ ते २.८५ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के’ हे वाक्य त्याच माळेतला मणी आहे. ९५ टक्के हा पद्धतीचा गुण आहे: अशा रीतीनं काढलेल्या शंभर अंतरालांपैकी साधारण पंच्याण्णवांत खरा फरक सापडतो.

वाक्य बरोबर, पण आकडाच चूक

एक बिघाड वाक्याच्या आधीचा आहे. प्रत्येक तुकड्यात २० झाडं, म्हणजे एकूण ४८० घड. कोणी टी-चाचणीत तुकड्यांच्या २४ सरासऱ्यांऐवजी ४८० घडांची वजनं भरली, तर स्वातंत्र्यांश ४७८ दिसेल आणि पी-मूल्य बहुधा फारच लहान होईल. पण खत दिलं ते तुकड्याला, झाडाला नव्हे. एकाच तुकड्यातली वीस झाडं एका नळीचं पाणी पितात, त्यांना वीस स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही. अशा पी-मूल्यावर वरचं निर्दोष वाक्य चढवलं तरी ते खोटंच राहतं, कारण ‘चाचणीची गृहीतके लागू असती तर’ ही अटच मोडलेली असते. ओळखायची खूण सोपी: दोन गटांची साधी तुलना असेल तर स्वातंत्र्यांशात दोन मिळवा. आलेला आकडा तुकड्यांच्या संख्येपेक्षा मोठा असेल तर आधी विश्लेषण दुरुस्त करा.

एसपीएसएसच्या जुन्या आवृत्त्यांत तक्त्यातल्या `Sig. (2-tailed)` या रकान्यात `.000` दिसलं की ते ‘०’ म्हणून उतरवू नका. ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता शून्य’ हा या चुकीचा सर्वात ठळक अवतार तिथूनच निघतो. `p < 0.001` असं लिहा.

खरोखर परिकल्पनेची संभाव्यताच हवी असेल तर

मग टी-चाचणी हे त्याचं अवजार नाही. बेजच्या नियमानं विश्लेषण करावं लागतं, आणि त्यासाठी प्रयोगापूर्वी दोन गोष्टी लेखी ठरवाव्या लागतात: फायदा असण्याची आधीची शक्यता किती, आणि फायदा असल्यास तो साधारण केवढा. वरचा एक लाख प्रयोगांचा हिशोब म्हणजे याचंच साधं रूप. तो प्रबंधात द्यायचा असेल तर ‘आधीची शक्यता १० टक्के धरल्यास ६२, ५० टक्के धरल्यास १५’ असे दोन्ही आकडे द्या आणि गृहीत धरलेला दीड किलोचा फायदा सांगा. एकच सोयीचा आकडा निवडून दिला तर परीक्षकानं त्यावर बोट ठेवलंच पाहिजे.

शेतकऱ्यांसाठीच्या घडीपत्रिकेत मात्र पी-मूल्य नकोच. चोपड्याच्या कांदेबागवाल्या केळी उत्पादकाला नव्या वेळापत्रकाचा वाढीव खर्च घडामागे किती किलोत फिटतो, एवढंच पाहायचं असतं. तिथं असं लिहावं: ‘चाचणीत घडामागे सरासरी दीड किलो जास्त भरलं. पण चाचणी लहान होती. खरा फायदा दीडशे ग्रॅमइतका किरकोळ किंवा पावणेतीन किलोच्या पुढेही असू शकतो, तेव्हा पहिल्या वर्षी बागेच्या एका भागातच वापरून पाहा.’